घागर आधी, घंगाळ नंतर

माझ्या वन्सं दहावीला बसलेल्या नाहीत. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण विद्यापीठाच्या खिडकीवर त्यांना ते चार माणसांदेखत सांगावं लागलं. त्या दिवशी माझं डोकं जे तापलं ते अजून थंड झालेलं नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय चौसष्ट, अंगकाठी बारीक, चष्मा जाड आणि बोलणं तोलूनमापून. वडील गेले तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या आणि माझा नवरा सहा वर्षांचा. दोघांपैकी एकाचंच शिक्षण होणार होतं. कुणाचं झालं ते सांगायला नकोच. वन्सं एका छापखान्यात लागल्या आणि तिथं एकेचाळीस वर्षं राहिल्या. आधी मुद्रितं, म्हणजे प्रुफं, वाचायची, मग पुस्तकाच्या शेवटची सूची लावायची. कुठला शब्द कुठल्या पानावर, कुठला ग्रंथ कुणाचा, कुणाच्या आधी कोण आणि कुणाच्या नंतर कोण. एखादा अनुस्वार सुटलेला दिसला की त्या खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या टेबलापर्यंत चालत जायच्या आणि नुसतं म्हणायच्या, "टिंब." त्यावरून त्यांचं नाव टिंबताई पडलं. मालकसुद्धा टिंबताईच म्हणायचे. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठं छापलं गेलं असेल असं मला वाटत नाही.

मी शाळेत शिकवते. चाळिशी उलटल्यावर मला पीएच.डी. करायची हुक्की आली आणि विषय घेतला मराठीतल्या भांड्यांच्या नावांचा. घडा, घागर, घंगाळ, कळशी, तपेली, सतेलं. शाळेतल्या बाईंनी लगेच विचारलं, "घासायची सोडून आता भांड्यांवर लिहिणार का?" मी हसले, पण मनात नोंद करून ठेवली. सहा वर्षं लागली. मुदत दोनदा वाढवून घेतली. तिसऱ्यांदा वाढत नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत प्रबंध स्वीकारला गेला नाही, तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षं पाण्यात, असं पत्र माझ्या हातात होतं.

प्रबंध लिहून झाला, पण शेवटची संदर्भसूची पाहून मीच घाबरले. तीनशे आठ नोंदी. दोनशे बारा मराठी, शहाण्णव इंग्रजी. सहा वर्षांत तीन वेगवेगळ्या संगणकांवर टंकलेल्या. कुठं आकडे देवनागरी, कुठं इंग्रजी, आणि काही ठिकाणी एकाच सालात दोन्ही. वन्संनी पहिलं पान हातात घेतलं आणि दोन मिनिटांत परत दिलं.

"अगं, हे पुस्तक कधीचं?"

"बेचाळीसचं. एकोणीसशे बेचाळीस."

"मग तू एकोणीसशे ब्याऐंशी का लिहिलंयस?"

मी पाहिलं. देवनागरी १९, मग इंग्रजी 8, मग देवनागरी २. मला त्या जागी ४ दिसत होता. देवनागरी ४ आणि इंग्रजी 8 घाईत सख्खे भाऊ दिसतात; पुस्तकातला ४ पाहून मी 8 ची कळ दाबली होती, आणि कीबोर्ड इंग्रजीवरच राहिला होता. त्या एका आकड्यानं त्या पुस्तकाला चाळीस वर्षांनी तरुण करून टाकलं होतं.

"ठेव इथं," वन्सं म्हणाल्या. "तुला पोरांच्या वह्या तपासायच्या असतील."

पुढचे अठरा दिवस त्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. संगणक त्यांना येतो, पण विश्वास कागदावर. प्रत्येक नोंदीची एक चिठ्ठी. पलंगावर मराठी, टेबलावर इंग्रजी. आधी पहिल्या अक्षराचे ढीग, मग प्रत्येक ढिगात बाराखडी, मग पुढचं अक्षर. पंखा बंद, कारण चिठ्ठ्या उडतात. मी चहा घेऊन गेले की दारातूनच हात पुढे करायचा.

त्यांचे नियम थोडे होते आणि पक्के होते. मराठी नोंदी एका विभागात, इंग्रजी त्यांच्याखाली वेगळ्या विभागात, ज्याचा त्याचा क्रम ज्याच्या त्याच्या वर्णमालेनं. ओळ ज्या लिपीत, आकडा त्या लिपीत. मराठी ओळीत साल, पान, खंड सगळं देवनागरी, इंग्रजी ओळीत सगळं इंग्रजी. लेखकाचं नाव नसेल तर लेख आपल्या नावानं बसेल. खंड मात्र आकड्याच्या किमतीनं लागतील, एकानंतर दोन, नवानंतर दहा.

"आणि अनुस्वार?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. छप्पन्न पानांचं प्रकरण मी घंगाळावर लिहिलं होतं, पण सूचीत ते घागरीच्या आधी की नंतर, हे कधी मनात आलं नव्हतं.

"दोन पद्धती आहेत. काही जण अनुस्वार आधी घेतात. आम्ही बाराखडीप्रमाणे शेवटी घ्यायचो. घ, घा, घि, घी असं करत घौ, आणि मग घं. म्हणजे घडा, घागर, घंगाळ. कुठलीही घे, पण एकच घे, आणि कुठली घेतलीस ते वर लिही. वाचणाऱ्याला फसवायचं नाही."

तसंच केलं. सूचीच्या डोक्यावर सहा ओळींची टीप घातली. अनुस्वार बाराखडीच्या शेवटी. जोडाक्षर त्याच्याही नंतर. ळ हा ह नंतर. क्ष आणि ज्ञ सगळ्यात शेवटी. ॲ हा ए च्या पाठोपाठ. आकडे असे असे. टीप ठळक अक्षरात होती. आंधळ्यालाही दिसली असती.

मंगळवारी मी प्रबंध खिडकीवर दिला. बुधवारी परत आला.

सोबत एक छापील पान होतं. वर लिहिलं होतं, 'नियम 7 (३) नुसार संदर्भसूची अकारविल्हे व अंक एकसमान असणे आवश्यक'. एका ओळीत इंग्रजी सात आणि देवनागरी तीन, आणि मला सांगतात एकसमान! खाली, 'एकूण क्रमदोष : त्रेपन्न. प्रबंध अस्वीकृत.' विद्यापीठानं कुणाकडून तरी करून घेतलेल्या संगणक-प्रणालीत खिडकीवरच्या तपासनिसानं माझी सूची घातली होती, प्रणालीनं ती आपल्या पद्धतीनं लावली होती, आणि जिथं जिथं वन्संचा क्रम वेगळा होता तिथं तिथं लाल चौकोन काढला होता. शिवाय, 'आपल्या सोयीसाठी', दुरुस्त केलेली सूचीही जोडली होती.

ती दुरुस्त सूची मी उभ्या उभ्या वाचली. माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. आधी सगळी इंग्रजी पुस्तकं. मराठी प्रबंध, मराठी विषय, आणि पुढच्या पाटावर पाहुणे. मग मराठी. घंगाळ घड्याच्या आधी. 'काळ्या मातीची भांडी' हे 'कासारांचा धंदा'च्या आधी. 'क्षारयुक्त पाणी आणि तांब्याची भांडी' हा लेख क च्या रांगेत कोंबलेला. 'ज्ञात आणि अज्ञात भांडी' ज च्या शेपटीला. आणि 'ॲल्युमिनियम घरात आले तेव्हा' हा लेख कुठं सापडावा? ह च्याही मागं, सगळ्यांच्या शेवटी. कोशाचे खंड एक, दहा, अकरा, दोन या क्रमानं उभे होते. पहिलीतल्या मुलानं असं मोजलं तर मी त्याला पुन्हा मोजायला लावते.

आकड्यांचं तर विचारूच नका. एकसमान करायचे म्हणून सरसकट सगळे देवनागरी करून टाकले होते. इंग्रजी पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत २ झाला होता आणि त्याला nd तसंच चिकटून राहिलं होतं. २nd! संकेतस्थळांच्या पत्त्यांतले आकडेही देवनागरी. म्हणजे त्यांपैकी एकही पत्ता आता उघडणार नव्हता.

मी ते पान वन्संसमोर आपटलं. त्यांनी चष्मा पुसला आणि त्रेपन्नच्या त्रेपन्न चौकोन शांतपणे पाहिले.

"यंत्रात प्रत्येक अक्षराला नंबर दिलेला असतो," त्या म्हणाल्या. "त्या नंबरानं लावलंय. तिथं टिंबाचा नंबर सगळ्यांच्या आधी. ळ ला ल च्या शेजारी बसवलंय. क्ष म्हणजे त्याला क, पाय मोडलेला, आणि ष. म्हणून तो क मध्ये. ॲ बिचारा उशिरा आला, त्याला मागचा नंबर मिळाला. ते क्रम लावत नाही गं. ते नंबर लावतं."

"मग हे मूर्ख आहेत की नाहीत?"

"क्ष जोडाक्षर आहे म्हणून त्याला क मध्ये घेणारे जाणते लोकही आहेत. ॲ ला कुणी अ पाशी बसवतं, कुणी ए पाशी. पण ह च्या मागं कुणी बसवत नाही." त्यांनी पान उलटं ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दे इकडे. मी त्यांच्यासारखं लावून देते. एक दिवसाचं काम."

"काय?"

"तुझी सहा वर्षं आहेत. माझ्या क्ष पायी नकोत जायला."

मी तेव्हा जे बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. एवढंच लिहिते की या घरात एकदा एका माणसासाठी तुम्ही सगळं सोडलंत, तेवढं पुरे झालं, असं मी म्हणाले. माझा नवरा दारात उभा होता. तो परत वळून गेला.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता आम्ही दोघी खिडकीवर होतो. वन्सं यायला तयार नव्हत्या. "मी काय बोलणार तिथं?" मी म्हटलं, तुम्ही बोलू नका, नुसत्या उभ्या राहा, मी बोलते. बोलायचं काम माझ्याकडे कधी कमी पडलेलं नाही.

खोली लांबट होती. भिंतीला लोखंडी कपाटं, त्यांवर बांधलेले प्रबंध, मध्ये लाकडी पट्टी आणि तिच्यापलीकडे तपासनीस. तिशीतला, नीटनेटका, आवाज मऊ. उद्धट असता तर बरं झालं असतं, भांडायला सोपं जातं. आमच्या मागं आणखी तिघं जण आपापले गठ्ठे घेऊन उभे होते.

"मॅडम, दुरुस्त प्रत आणलीत?"

"दुरुस्तीची गरज नाही. तुम्ही टीप वाचलीत का?"

"कुठली टीप?"

मी बोट ठेवून दाखवली. त्यानं वाचली. वाचताना त्याचे ओठ हलत होते.

"हो, पण मॅडम, तपासणी यंत्रानं होते. यंत्र टीप वाचत नाही."

"मग तुम्ही कशाला आहात?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. तपासनीस लाल झाला. मी त्याच्याच सूचीतला एक पत्ता त्याला उघडायला सांगितला. त्यानं कळ दाबली. पान सापडलं नाही. दुसरा उघडायला लावला. तेही नाही. मग माझ्या सूचीतला तोच पत्ता, आपल्या इंग्रजी आकड्यांसकट. लगेच उघडला.

"बरं, आकड्यांचं मान्य," तो म्हणाला. "पण क्रमाचं काय? क्रमाला मी नाही म्हणू शकत. अहवालात त्रेपन्न दोष आहेत. मी सही केली तर उद्या मला विचारतील."

आवाज ऐकून आतले साहेब बाहेर आले. त्यांच्या दारावरची पाटी मी येतानाच वाचली होती. आडनाव क्ष वरून सुरू होत होतं. मला वाटलं, देवच पावला.

"साहेब, शाळेत हजेरीला तुमचा नंबर कितवा असायचा?"

ते चमकले. मग हसले. "शेवटचा. बारा वर्षं शेवटचा. डबा खायची सुट्टी झाली तरी माझं नाव यायचं नाही."

"मग क्ष कुठं बसतो ते तुम्हाला मी सांगायचं का?"

"ते शाळेत हो, मॅडम," साहेब म्हणाले. "इथं नियम आहे." आणि त्यांनी माझा हुकमाचा एक्का असा वाया घालवला. पण माणूस अगदीच दगड नव्हता. पुढं म्हणाले, "एक करता येईल. हा क्रम बरोबर आहे असं कुणी जाणकारानं लेखी दिलं, तर मी अहवाल बाजूला ठेवू शकतो. सूची कुणी लावली?"

"यांनी," मी म्हणाले. "एकेचाळीस वर्षं हेच काम केलंय."

तपासनिसानं एक अर्ज काढला. 'तज्ज्ञ प्रमाणपत्र'. त्यानं पेन उचललं. "नाव नंतर लिहू. शिक्षण, मॅडम?"

वन्संनी पट्टीवरचा हात काढून घेतला.

"नववी," त्या म्हणाल्या. "दहावीला बसले नाही."

तपासनिसाचं पेन कागदावर टेकलेलं होतं, ते त्यानं उचललं. वाईट काही बोलला नाही. "यात किमान पदव्युत्तर लागतं," एवढंच म्हणाला आणि अर्ज परत खणात ठेवला. खण बंद होताना करकरला.

आता मला मराठीतले सगळे शब्द एकदम आठवले आणि त्यातला एकही त्या खोलीत बोलण्यालायक नव्हता. एकेचाळीस वर्षं ज्या बाईनं पदव्युत्तर माणसांच्या वेलांट्या सुधारल्या, तिला विचारतात, शिक्षण काय! ज्यांच्या नावापुढं अर्धी ओळ पदव्या असतात त्यांचीच पुस्तकं वन्संनी निस्तरली. त्यांच्या चुका कुणाला कळल्या नाहीत, कारण त्या छापल्याच गेल्या नाहीत. चांगल्या कामाची हीच गंमत आहे, ते दिसत नाही. आणि दिसत नाही म्हणून कुणी ते जमेत धरत नाही. मी हे सगळं बोलले. बहुधा फार मोठ्यानं. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

साहेबांनी हात वर केला. "मॅडम, माणूस चालत नसेल तर पुस्तक चालेल. नियमावलीत एक कोश प्रमाण धरलाय. शुद्धलेखनाची शंका आली तर आम्ही तोच बघतो. त्यात तुमचा क्रम असेल तर प्रश्न मिटला." आणि त्यांनी तपासनिसाच्या मागच्या कपाटातून एक जाडजूड ग्रंथ काढला. सातवी आवृत्ती. त्यावरची धूळ त्यांनी रुमालानं पुसली.

मी आनंदानं वन्संकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"क्रम तोच आहे," त्या हळूच म्हणाल्या. "मीच लावलाय."

"म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"छापखान्यात लागले त्याला चार वर्षं झाली होती. या कोशाच्या चिठ्ठ्या आल्या. चोपन्न पेट्या. लिहिणारे सातजण होते आणि सातांची सात अक्षरं. त्या सगळ्या क्रमानं लावायचं काम माझ्याकडे आलं. दीड वर्ष लागलं."

मला हे माहीत नव्हतं. वीस वर्षं एका घरात राहतो आम्ही. साहेबांनी प्रस्तावना उघडली. संपादकांची नावं होती, सल्लागारांची होती, कागद पुरवणाऱ्याचेसुद्धा आभार होते. शेवटी एक ओळ, 'मुद्रणालयातील मंडळींचेही साहाय्य झाले'. मंडळी म्हणे! दीड वर्ष एकटी मुलगी चोपन्न पेट्या लावते आणि ती मंडळी होते.

"यात तुमचं नाव नाही," तपासनीस म्हणाला. त्याला अपमान करायचा नव्हता. तो फक्त तपासत होता, त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

"नाही," वन्सं म्हणाल्या. "पण माझी चूक आहे. पान सातशे अठरा. डावा रकाना."

साहेबांनी पानं उलटली.

"हलवा नंतर कुठला शब्द आहे?"

साहेबांनी बोट खाली नेलं. "हळवा."

"तो तिथं नको. हल नंतर हव यायला हवं, मग हस, आणि ळ पार शेवटी. मी एकोणीस वर्षांची होते. चिठ्ठी वाचली आणि ल च्या शेजारी ठेवून दिली. छापून आल्यावर दिसलं. सांगायची हिंमत झाली नाही. प्रत्येक आवृत्तीत वाटायचं, आता कुणीतरी काढेल. कुणी काढला नाही." त्यांनी तपासनिसाकडे पाहिलं. "तुमच्या यंत्राला मी नावं ठेवत नाही, दादा. त्यानं केलीय ती चूक माझ्याकडूनही झालीय. पण माझ्याकडून एकदा झाली."

तपासनीस मात्र एकदम खूश झाला. "साहेब, मग यंत्र बरोबरच की! कोशातच ळ हा ल च्या शेजारी आहे."

साहेबांनी दोन पानं पुढं उलटली. हवा, हवाई, हसणे. मग हळद. हळदीनंतर सरळ हळहळ, आणि मग हळू. मध्ये हळवाची जागा रिकामी होती, पण ती रिकामी आहे हे जिला माहीत होतं तिलाच दिसणार होतं. मग त्यांनी काळ पाहिला, कासवानंतर. माळ पाहिली, मासा आणि माहेर दोन्ही होऊन गेल्यावर. घागर पाहिली, घंगाळ पाहिलं. घागर आधी होती. शेवटी क्ष काढलं आणि त्या पानावर बराच वेळ थांबले. ज्ञ च्या अलीकडे, ग्रंथाच्या अगदी टोकाला, त्यांचं स्वतःचं अक्षर होतं.

"हा एकटाच शब्द चुकलाय," ते तपासनिसाला म्हणाले. "आणि सात आवृत्त्यांत तो कुणालाही सापडलेला नाही. तुम्हाला नाही, मला नाही, संपादकांना नाही. सूची घ्या."

"पण साहेब, प्रमाणपत्रात..."

"कोशाचं नाव लिहा. आणि त्याखाली यांचं पूर्ण नाव लिहा. शिक्षणाच्या रकान्यात रेघ मारा."

तपासनिसानं लिहिलं. वन्संना नाव विचारलं, इतक्या वर्षांत ते कुणी विचारलं नसावं. मग त्यांनी सांगितलं, आणि त्यानं ते लिहिताना अनुस्वार गाळला. मी तोंड उघडणार तेवढ्यात वन्संनी कागदावर बोट ठेवलं. "टिंब," त्या म्हणाल्या. त्यानं टिंब दिलं. चार वाजून वीस मिनिटांनी माझ्या पोचपावतीवर शिक्का पडला.

मी पावती हातात घेतली आणि मला रडू आलं. रागाचंच होतं बहुतेक. मागच्या तिघांपैकी एक बाई पुढं आली आणि वन्संना विचारू लागली की तिच्या सूचीत ऑ कुठं घ्यायचा. वन्संनी तिला ओ च्या पाठोपाठ म्हणून सांगितलं, पण त्यांचं लक्ष पट्टीवर उघड्या पडलेल्या कोशाकडे होतं.

"पेन्सिल आहे का?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी खिशातली दिली. वन्संनी पान सातशे अठरा काढलं, चष्मा वर सरकवला आणि हळवा या शब्दाभोवती हलक्या हातानं रेघ ओढली.

"अहो, अहो, बाई!" तपासनीस उठून उभा राहिला. "त्यात काही लिहू नका. तो प्रमाण ग्रंथ आहे!"

"म्हणून तर," वन्सं म्हणाल्या. त्यांनी दोन पानं उलटली आणि हळद व हळहळ यांच्या मध्ये बाण काढला.